एमपीओ निगेटिव्ह कधी खरा धरायचा? तासगाव तालुक्यातल्या एका रुग्णाच्या स्लाइड्स

रुग्ण ४१ वर्षांचे, तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत मजुरीला जाणारे. एप्रिलातल्या खरड छाटणीच्या दिवसांत दम लागू लागला. संध्याकाळी अंग तापायचं आणि नडग्यांवर जांभळे ठिपके उठायचे. मे उजाडला तेव्हा तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त तपासलं गेलं. हिमोग्लोबिन ६.४ ग्रॅम, पांढऱ्या पेशी ३८,२००, प्लेटलेट २१,०००. मशीनने ब्लास्टचा इशारा दिला होता. सेंटरने गुरुवारी संध्याकाळी सहा स्मिअर काढून ठेवले आणि ते सोमवारी सकाळी सांगलीच्या प्रयोगशाळेत पोहोचले. हे चार दिवस पुढे फार महत्त्वाचे ठरतात.

सांगलीत लिशमन रंगवलेल्या स्लाइडवर २०० पेशींची हाताने मोजणी झाली. ब्लास्ट ८१ टक्के, लिम्फोसाइट १३, न्यूट्रोफिल ४, इओसिनोफिल १, मोनोसाइट १. ब्लास्ट मध्यम आकाराचे, सायटोप्लाझम अगदी कडेला चिकटलेल्या पट्टीएवढं, क्रोमॅटिन मऊ आणि सारखं, एक-दोन न्यूक्लिओलस. दाणे नाहीत, ऑअर रॉड नाही. अशा ब्लास्टकडे पाहून मायलोब्लास्ट की लिम्फोब्लास्ट हे ठरवू नये. ऑअर रॉड दिसला तर प्रश्नच संपतो, कारण तो प्राथमिक दाणे एकत्र येऊन बनलेला असतो आणि लिम्फोब्लास्टमध्ये सापडत नाही. तो नसेल तर नुसत्या रूपावरून केलेला अंदाज अनुभवी डोळ्यांनाही चकवतो.

रुग्णाला तोवर सांगलीत एका फिजिशियनकडे दाखल केलं होतं. भाऊ विचारत होता, "डॉक्टर, पुण्याला न्यायचं का इथंच बघायचं?" फ्लो सायटोमेट्रीचा नमुना पुण्याला जाणार होता आणि रिपोर्टला तीन-चार दिवस लागणार होते. ल्युकेमिया लिम्फॉइड असेल तर उपचाराची सुरुवात स्टिरॉइडने होते. मायलॉइड असेल तर सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस, ही वाट वेगळी. स्टिरॉइड आधीच चालू केलं आणि रोग लिम्फॉइड निघाला, तर ब्लास्ट भराभर विरघळून पुढची तपासणी अवघड होते. मायलॉइड निघाला तर ते दिवस वाया जातात. म्हणून फिजिशियनांना त्याच दिवशी उत्तर हवं होतं, आणि ते देणाऱ्या दोन चाचण्या होत्या: मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओ, आणि सुदान ब्लॅक बी.

दोन रंग, दोन वेगळ्या गोष्टी

मायलोपेरॉक्सिडेज हे मायलॉइड पेशीच्या प्राथमिक, म्हणजे अॅझुरोफिलिक दाण्यांतलं एन्झाइम आहे. मायलोब्लास्ट हे दाणे बनवायला लागतो तेव्हापासून ते तिथं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डायअमिनोबेंझिडिन, म्हणजे डीएबी, एकत्र दिलं की हे एन्झाइम डीएबीचं ऑक्सिडीकरण करतं आणि जिथं दाणा आहे तिथंच तपकिरी, न विरघळणारा कण साचतो. पूर्वी याच कामाला बेंझिडिन वापरत. ते कर्करोगकारक असल्याने बाजूला पडलं. डीएबीही जपूनच हाताळावं. हातमोजे घालावेत, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत जमा करावं.

सुदान ब्लॅकमध्ये कुठलं एन्झाइम काम करत नाही. हा मेदात विरघळणारा रंग आहे आणि तो मायलॉइड दाण्यांच्या फॉस्फोलिपिडमध्ये जाऊन बसतो. दोघांचं उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, कारण दाणा एकच असतो. पण एमपीओला जिवंत एन्झाइम लागतं आणि सुदान ब्लॅकला फक्त दाण्याचा मेद शिल्लक असावा लागतो. मेद लवकर जात नाही. एन्झाइम मात्र जुन्या स्लाइडवर, उन्हात, चुकीच्या फिक्सरमध्ये मरतं. या प्रकरणाची सगळी उकल याच फरकातून झाली.

पहिली फेरी

सोमवारी दुपारी टेक्निशियनने गुरुवारच्या दोन स्लाइड्स एमपीओला घेतल्या. नेहमीच्या पद्धतीत स्मिअर थंड बफर्ड फॉर्मल अॅसिटोनमध्ये ३० सेकंद फिक्स करतात. हे फिक्सर प्रयोगशाळेतच बनवता येतं: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १०० मिलिग्रॅम ३० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं, मग अॅसिटोन ४५ मिली आणि फॉर्मेलिन २५ मिली घालायचं. पीएच ६.६ असावा आणि बाटली थंड ठेवावी. पण अॅसिटोनची बाटली घरगुती फ्रिजमध्ये सैल झाकणाने ठेवू नका. थर्मोस्टॅटच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. झाकण घट्ट हवं, आणि शक्य असेल तर ज्वालाग्राही द्रव ठेवण्यासाठी बनवलेला फ्रिज वापरावा.

फिक्स केल्यावर नळाच्या संथ धारेखाली धुवायचं आणि हवेत वाळू द्यायचं. मग ३० मिलिग्रॅम डीएबी ६० मिली फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.३) नीट ढवळायचं, त्यात ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे १२० मायक्रोलिटर घालायचे आणि लगेच स्लाइड त्यात १० मिनिटं ठेवायची. शेवटी हिमॅटॉक्सिलिन एक ते पाच मिनिटं. धरून सगळं अर्ध्या तासाचं काम.

ढवळल्यावर पेरॉक्साइड किती उरतं ते एकदा मोजून बघा: ०.०६ टक्के. एवढं कमी ठेवायचं कारण म्हणजे जास्त पेरॉक्साइड त्याच एन्झाइमला बंद पाडतं. नेमकी इथंच उलटी चूकही होते. ३० टक्क्यांची बाटली संपली की कुणीतरी औषधाच्या दुकानातली जखम धुण्याची बाटली आणतं. ती साधारण ६ टक्क्यांची असते. तिचे १२० मायक्रोलिटर घातले तर पेरॉक्साइड पाचपट कमी पडतं आणि रंग फिका येतो किंवा येतच नाही. शिवाय उघडी बाटली महिन्यामागून महिना विरत जाते. बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल, तर तिच्यातून काढलेल्या निगेटिव्ह उत्तरावर कुणाचं औषध ठरवू नये.

पहिल्या फेरीत पेरॉक्साइड ठीक होतं. टेक्निशियनने २०० ब्लास्ट मोजले आणि एकही तपकिरी दाणा दिसला नाही. कच्च्या रिपोर्टवर लिहिलं गेलं: एमपीओ निगेटिव्ह, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची शक्यता. कंट्रोल स्लाइड त्या दिवशी लावली नव्हती.

सही करण्याआधी पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड स्वतः बघितली आणि टेक्निशियनला विचारलं, "ब्लास्ट राहू द्या, न्यूट्रोफिल दाखवा मला." स्लाइडच्या कडांवर न्यूट्रोफिल भरपूर होते. पेशी ३८ हजार असल्या की ४ टक्के म्हणजे मायक्रोलिटरमागे दीड हजार. पण एकही तपकिरी नव्हता. सगळ्यांचं केंद्रक हिमॅटॉक्सिलिनने निळं आणि सायटोप्लाझम रिकामं.

निरोगी न्यूट्रोफिल एमपीओला गडद तपकिरी होतोच. तो रंगत नाही तिथं ब्लास्टबद्दल काहीही बोलता येत नाही. म्हणून या चाचणीत आधी न्यूट्रोफिल वाचायचा, मग ब्लास्ट. हा क्रम उलटा झाला की चुकीचा निगेटिव्ह रिपोर्ट सहीपर्यंत जातो.

न्यूट्रोफिल रंगला नाही, तर दोष कुणाचा

इथं थांबून विचार करायला हवा, कारण न रंगलेल्या न्यूट्रोफिलची तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

एक, द्रावण मेलेलं आहे: पेरॉक्साइड विरलं, डीएबी उघड्यावर राहून बिघडलं किंवा बफरचा पीएच चुकला. दोन, द्रावण चांगलं आहे पण स्लाइडवरचं एन्झाइम गेलं. तीन, रुग्णाच्या न्यूट्रोफिलमध्येच एमपीओ नाही किंवा कमी आहे. हे जन्मजातही असतं, आणि मायलॉइड ल्युकेमियात रोगी पेशींपासून तयार झालेले न्यूट्रोफिल एमपीओविना निघू शकतात. तिसरं कारण खरं असेल तर तो स्वतःच मायलॉइड रोगाकडे बोट दाखवणारा पुरावा असतो. म्हणून फक्त "चाचणी फसली, पुन्हा करा" म्हणून पुढे जाणं पुरेसं नाही.

पहिलं कारण बाजूला काढायला कंट्रोल स्लाइड लागते: त्याच दिवशी काढलेलं निरोगी माणसाचं रक्त, त्याच द्रावणात, त्याच वेळी. मंगळवारी सकाळी ती लावली. सोबत रुग्णाची गुरुवारचीच आणखी एक स्लाइड घेतली. कंट्रोलमधले न्यूट्रोफिल गडद तपकिरी आले, म्हणजे द्रावण चांगलं होतं. रुग्णाचे मात्र पुन्हा रिकामे.

आता दुसरं की तिसरं? याचं उत्तर इओसिनोफिलकडे असतं. इओसिनोफिलचं पेरॉक्सिडेज हे वेगळं एन्झाइम आहे, वेगळ्या जनुकातून बनतं. रुग्णात एमपीओची कमतरता असली तरी त्याचा इओसिनोफिल डीएबीला तपकिरी होतोच. म्हणून न्यूट्रोफिल रिकामे आणि इओसिनोफिल भरलेले दिसले तर कमतरता रुग्णाची. दोन्ही रिकामे दिसले तर दोष स्लाइडचा.

हिमॅटॉक्सिलिन लावलेल्या स्लाइडवर न रंगलेला इओसिनोफिल शोधायला वेळ लागतो, कारण त्याची नारिंगी ओळख तिथं नसते. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर थोडा खाली घ्यावा, प्रकाश कमी करावा. मग दोन खंडांच्या केंद्रकाभोवती गोल, एकसारखे, चमकणारे दाणे उठून दिसतात. फोकस किंचित वरखाली केला की ते उजळतात आणि काळे पडतात. असे नऊ इओसिनोफिल सापडले. नऊही न रंगलेले. म्हणजे स्लाइड मेली होती.

मग सेंटरवर फोन झाला. स्मिअर गुरुवारी काढून खिडकीजवळच्या ट्रेमध्ये उघडे ठेवले होते. त्यातले चार लगेच मिथेनॉलमध्ये बुडवून फिक्स केले होते, कारण तिथं येणारी प्रत्येक स्लाइड लिशमनसाठीच असते आणि हाताला ती सवय असते. एमपीओला घेतलेल्या तिन्ही स्लाइड या चारांतल्याच निघाल्या. मिथेनॉल पेरॉक्सिडेजला मारतं. मेच्या उन्हातले चार दिवस उरलंसुरलं मारतात. सेंटरवरच्या मुलाची यात फार चूक नव्हती, त्याला ही स्लाइड कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

जुन्या स्लाइडवर सुदान ब्लॅक

ताज्या रक्तासाठी वॉर्डात माणूस पाठवला, आणि तोवर मिथेनॉल न लागलेल्या उरलेल्या दोन जुन्या स्लाइड्सवर सुदान ब्लॅक चालू केला. चार दिवस जुनी स्लाइड त्याला अडचणीची नाही. महिनोन्महिने पडलेल्या स्मिअरवरही तो चालतो.

फॉर्मेलिनच्या वाफेत फिक्स करायचं. कॉप्लिन जारच्या तळाशी फिल्टर पेपरचा तुकडा, त्यावर फॉर्मेलिनचे दोन थेंब, स्लाइड्स आत, झाकण बंद, १० मिनिटं. बाहेर काढून १५ मिनिटं उभ्या ठेवायच्या म्हणजे वाफ निघून जाते. रंगाचं मूळ द्रावण म्हणजे ०.३ ग्रॅम सुदान ब्लॅक बी १०० मिली अॅबसोल्यूट अल्कोहोलमध्ये. त्याच्या जोडीला फिनॉल बफर लागतो: १६ ग्रॅम स्फटिक फिनॉल ३० मिली अॅबसोल्यूट अल्कोहोलमध्ये विरघळवून, ०.३ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट विरघळवलेल्या १०० मिली पाण्यात मिसळायचा. मग ६० मिली रंग आणि ४० मिली बफर एकत्र. फिनॉल त्वचा भाजतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून हातमोजे काढून हे करू नका.

स्लाइड झाकलेल्या जारमध्ये एक तास. काढल्याबरोबर रॅकवर ठेवून ७० टक्के अल्कोहोल ओतायचं, ३० सेकंदांनी सांडायचं, पुन्हा ओतायचं, असं तीनदा. धुऊन वाळवायचं आणि वरून लिशमन. लिशमनचा फायदा असा की ब्लास्टचं रूप आणि काळा दाणा एकाच पेशीत दिसतात, त्यामुळे मोजताना शंका कमी राहते.

या रंगात सर्वात जास्त फसवतो तो गाळ. मिश्रण जुनं झालं किंवा न गाळता वापरलं की काळे कण स्लाइडवर बसतात आणि ब्लास्टवर पडलेला कण दाण्यासारखा दिसतो. ओळखायची रीत साधी आहे. असेच कण लाल पेशींवर आणि पेशी नसलेल्या मोकळ्या जागेतही आहेत का ते बघायचं. मग फोकस हलवायचा. गाळ पेशीच्या वरच्या पातळीवर असतो, दाणा केंद्रकाबरोबरच स्पष्ट होतो. अल्कोहोलने धुणं आखडतं घेतलं तर सगळं मैदान करडं राहतं, आणि तो करडा रंग लिम्फोब्लास्टवरही दिसतो. खरा मायलॉइड दाणा काळा आणि धारदार असतो. पसरलेला, फिकट करडा डाग पॉझिटिव्ह म्हणून मोजू नये. क्वचित काही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियांत सुदान ब्लॅक असा फिका लागतो, म्हणूनच तो एमपीओपेक्षा थोडा कमी नेमका मानला जातो.

मंगळवारी दुपारी दीडला स्लाइड मायक्रोस्कोपखाली आली. आधी न्यूट्रोफिल: गच्च काळे. कंट्रोलही तसाच. मग ब्लास्ट. बहुतेक रिकामे. पण काहींमध्ये केंद्रकाला जिथं थोडा खळगा पडतो, नेमक्या त्या ठिकाणी चार-पाच काळे ठिपके एकत्र बसलेले, जणू सुईच्या टोकाने टोचल्यासारखे. गॉल्जी तिथंच असतं, आणि कोवळ्या मायलोब्लास्टमध्ये दाणे आधी तिथंच तयार होतात. लो पॉवरवर हे ठिपके सुटतात. तेलाचा लेन्स लावूनच बघावे लागतात. ५०० ब्लास्टमध्ये ७१ पॉझिटिव्ह मिळाले, म्हणजे १४.२ टक्के. दुसऱ्या स्लाइडच्या कडेला एका ब्लास्टमध्ये एक बारीक काळी काडीही सापडली. लिशमनवर न दिसलेला ऑअर रॉड सुदान ब्लॅकने उघडा केला.

तीन टक्क्यांची रेघ

३ टक्के ही रेघ १९७६ सालच्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश वर्गीकरणातून आली. ब्लास्टपैकी ३ टक्के किंवा जास्त पेशी एमपीओ किंवा सुदान ब्लॅक पॉझिटिव्ह असतील तर रोग मायलॉइड. आज वर्गीकरण मुख्यतः जनुकीय दोषांवर उभं आहे, पण पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपवर ही रेघ अजून कामी येते.

ती शून्यावर का नाही हे समजून घ्यायला हवं. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातही बोन मॅरोत थोडे निरोगी मायलोब्लास्ट उरलेले असतात. ते तपकिरी होणारच. त्यांना धरून एक-दोन टक्के पॉझिटिव्ह येणं म्हणजे मायलॉइड रोग नव्हे. म्हणून प्रोमायलोसाइटसारखी पुढच्या टप्प्यातली पेशी ब्लास्ट म्हणून मोजली तर टक्का खोटा वाढतो. मोजणी कमी केली तरी धोका असतो. १०० ब्लास्टमध्ये ३ सापडले तर खरा आकडा साधारण ०.६ ते ८.५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. ५०० मध्ये १५ सापडले तर तीच मर्यादा १.७ ते ४.९ वर येते. उत्तर रेघेजवळ असेल तेव्हा १०० वर थांबू नये. या रुग्णात १४ टक्के आल्यामुळे तो प्रश्न उरला नाही, तरीही ५०० मोजले हे बरं झालं, कारण ऑअर रॉड त्याच फेरीत सापडला.

ताजं रक्त

वॉर्डातून ईडीटीएचं ताजं रक्त आलं. स्मिअर लगेच काढले, हवेत वाळवले, अंधाऱ्या डब्यात ठेवले आणि तासाभरात एमपीओला घेतले. शेजारी कंट्रोल. या वेळी इओसिनोफिल सगळे गडद तपकिरी. ब्लास्ट ५०० मध्ये ५७ पॉझिटिव्ह, ११.४ टक्के, दाणे त्याच खळग्यात. सुदान ब्लॅकपेक्षा आकडा थोडा कमी येणं नवलाचं नाही. सुदान ब्लॅक किंचित जास्त संवेदनशील मानला जातो, आणि दोन वेगळ्या स्मिअरवरच्या मोजणीत एवढा फरक पडतोच.

या स्लाइडवर आणखी एक गोष्ट दिसली. मोजलेल्या २० न्यूट्रोफिलपैकी ७ रिकामे होते, शेजारचे इओसिनोफिल भरलेले असूनही. म्हणजे या रुग्णात तिसरं कारणही खरं होतं, थोड्या प्रमाणात. त्याच्या न्यूट्रोफिलपैकी काही रोगी वंशातून आलेले असावेत. पहिल्या फेरीत कुणी ही शक्यता धरून "न्यूट्रोफिल रोगामुळे रंगले नाहीत" असं म्हणून ब्लास्टची मोजणी खरी धरली असती, तर ते अर्धवट बरोबर कारण देऊन पूर्ण चुकीचा रिपोर्ट गेला असता. नऊ रिकाम्या इओसिनोफिलनी ते टाळलं.

मोनोसाइट थोडेच होते आणि त्यांच्यात विखुरलेले बारीक तपकिरी ठिपके होते. मोनोसाइटचा रंग असाच फिका येतो, तो दोष समजू नये. लाल पेशींवरही हलका तपकिरी झाक असते, कारण हिमोग्लोबिन स्वतः थोडं पेरॉक्सिडेजसारखं वागतं. स्लाइड दहा मिनिटांच्या पुढे ठेवली की ही झाक गडद होत जाते.

हेच उत्तर खरोखर निगेटिव्ह आलं असतं तर

समजा ताज्या स्लाइडवर, न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल नीट रंगलेले असताना, ब्लास्ट रिकामे निघाले असते. तरी "लिम्फोब्लास्टिक" असं लिहिता आलं नसतं. अगदी कोवळ्या मायलोब्लास्टचा ल्युकेमिया (एम०), मोनोब्लास्टचा (एम५ए) आणि मेगाकॅरिओब्लास्टचा (एम७), तिन्हींत ब्लास्ट एमपीओ निगेटिव्ह असू शकतात. एरिथ्रॉइड ब्लास्टही निगेटिव्ह असतात. पॉझिटिव्ह उत्तर मायलॉइड ठरवतं. निगेटिव्ह उत्तर फक्त एवढंच सांगतं की मायलॉइडचा हा पुरावा सापडला नाही. मोनोब्लास्टसाठी नॉनस्पेसिफिक एस्टरेज लावावं लागतं, बाकीच्यांसाठी फ्लो सायटोमेट्री. रिपोर्टमध्ये "निगेटिव्ह" या शब्दानंतर काय लिहायचं याचा विचार आधीच करून ठेवावा, कारण वाचणारा डॉक्टर बहुधा तो शब्द वाचून "लिम्फॉइड" असंच समजतो.

उलट टोकाची एक परिस्थितीही लक्षात असावी. जवळपास प्रत्येक पेशी एमपीओला इतकी गडद रंगते की केंद्रक झाकलं जातं, आणि रुग्णाच्या हिरड्यांतून किंवा सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. अशा वेळी प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाचा संशय घ्यावा आणि रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता फिजिशियनांना फोन करावा. त्यात ट्रेटिनॉइन जनुकीय पुराव्याआधीच, संशयावर सुरू करतात. सूक्ष्म दाण्यांच्या प्रकारात लिशमनवर दाणे दिसतच नाहीत आणि केंद्रक दुभंगलेलं असतं म्हणून तो मोनोसाइटसारखा भासतो. त्याला एमपीओच उघडा पाडतो.

पुढे काय झालं

मंगळवारी संध्याकाळी फिजिशियनांना रिपोर्ट गेला. स्टिरॉइड सुरू झालं नाही. बोन मॅरोत ब्लास्ट ९२ टक्के निघाले, परिपक्व होत जाणाऱ्या मायलॉइड पेशी नगण्य, म्हणजे जुन्या नावाप्रमाणे एम१. शुक्रवारी फ्लोचा निकाल आला. ब्लास्टवर सीडी३४, सीडी११७, सीडी१३, सीडी३३ आणि पेशीच्या आतला एमपीओ पॉझिटिव्ह. आतला सीडी३, सीडी१९ आणि सीडी७९ए निगेटिव्ह. एनपीएम१ आणि एफएलटी३ साठी नमुना पुढे गेला आणि रुग्णाला उपचारासाठी पुण्याला नेलं.

कलेक्शन सेंटरला त्या आठवड्यातच एक छापील कागद चिकटवायला दिला. ब्लास्टचा इशारा आला तर किमान सहा स्मिअर काढायचे. चार न फिक्स करता, हवेत वाळवून, अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बंद डब्यात ठेवायचे, दोनच मिथेनॉलला. प्रत्येक स्लाइडच्या धुरकट टोकावर पेन्सिलने तारीख आणि वेळ. त्याच दिवशी शेवटच्या गाडीने सांगलीला.

प्रयोगशाळेच्या एमपीओ रिपोर्टच्या नमुन्यातही तीन ओळी ब्लास्टच्या आकड्याच्या वर आल्या, आणि त्या भरल्याशिवाय खालचा रकाना रिकामाच राहतो: कंट्रोलचे न्यूट्रोफिल, रुग्णाचे न्यूट्रोफिल, रुग्णाचे इओसिनोफिल.